चॅटमधला मेसेज फोनवर ऐकवण्याआधी: लिहिलेलं बोलतं कसं करायचं

चॅटवर टाकलेला मेसेज जसाच्या तसा वाचून रेकॉर्ड केला आणि फोनवरून सगळ्यांना ऐकवला, की हमखास उलट फोन येतात. "किती वाजता म्हणालात?", "आमच्यासाठी पण आहे का ते?" मेसेजमध्ये माहिती सगळी असते. पण तो लिहिताना वाचणाऱ्याचे डोळे गृहीत धरलेले असतात. डोळा मागे जातो, कंसात डोकावतो, ठळक अक्षरावर थांबतो. कानाला यातलं काहीच जमत नाही. शब्द एकदा निघून गेला की गेला.

म्हणून मेसेज वाचण्याआधी तो नव्याने लिहावा लागतो. हे काम कसं करायचं ते एकाच मेसेजवर दाखवतो. एका मोठ्या इमारतीच्या ग्रुपवर आलेला असावा, असा हा मेसेज आहे:

"सर्व सभासदांना नमस्कार 🙏 उद्या दि. १७/६ रोजी ओव्हरहेड टाकी सफाईचे काम असल्यामुळे सर्व विंग (सी वगळून) चा पाणीपुरवठा स. १०–दु. २ बंद राहील. तरी आवश्यक तेवढा पाणीसाठा करून ठेवावा. तसेच पाणी आल्यावर पहिली ५ मि. वापरू नये!! काही अडचण असल्यास खालील नं. वर संपर्क साधावा. वरील फॉर्म ज्यांनी अद्याप भरला नाही त्यांनी आजच भरावा. – इंटरकॉम ४०९"

चॅटसाठी हा मेसेज बरा आहे. आता तो फोनवरून ऐकवायचा आहे.

आधी काय काढायचं ते ठरवा

पहिली पायरी लिहिण्याची नाही, वगळण्याची आहे. मेसेजमधली कोणती गोष्ट फक्त पडद्यावरच चालते ते शोधा. हात जोडलेली इमोजी, दोन उद्गारचिन्हं, कंस, आडवी रेघ आणि संक्षेप ही तर झालीच. त्याहून फसवे शब्द म्हणजे "वरील" आणि "खालील". "वरील फॉर्म" म्हणजे ग्रुपवर त्याच्या आधी टाकलेली लिंक. फोन ऐकणाऱ्याला वर काहीच दिसत नाही. "फोटो पाहा", "लिंकवर क्लिक करा", "आधी सांगितल्याप्रमाणे" यांचंही तेच.

मग विचारा, या फोनचं काम नेमकं कोणतं? वरच्या मेसेजमध्ये दोन कामं आहेत, पाणी आणि फॉर्म. चॅटवर ती एकाखाली एक चालून जातात. फोनवर दुसरं काम ऐकू आलं की पहिल्याची वेळ डोक्यातून निसटते. एका फोनमध्ये एकच काम ठेवा, हा नियम मी तरी कधी मोडत नाही. फॉर्मची आठवण वेगळ्या दिवशी आणि ज्यांचा राहिलाय त्यांनाच करा.

इथे फोनचा एक फायदाही हाताशी येतो. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांना जातो, म्हणून "सी वगळून" लिहावं लागतं. फोन कोणाला लावायचा ते मात्र आपण निवडू शकतो. यादीतून सी विंगचे नंबर काढले की तो कंस आपोआप गळतो. यादी वेगळी करणं शक्यच नसेल तर "वगळून" हा शब्द तरी टाळा. "सर्व विंग, सी वगळून" हे ऐकताना सी विंगच्या माणसाला "सर्व" आणि "सी" एवढंच पकडता येतं, आणि तोही बादल्या भरायला लागतो. ज्यांच्यासाठी निरोप आहे त्यांचीच नावं घ्या: "ए आणि बी विंग".

आकडे: सगळ्यात जास्त घोळ इथे होतो

साध्या फोन कॉलवर आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात पाठवला जातो. नव्या मोबाइल नेटवर्कवर तो पट्टा रुंद असतो, पण ऐकणाऱ्याकडे काय आहे ते आपल्या हातात नसतं. स आणि श यांची जी सळसळ असते, तिचा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर राहतो. म्हणजे फोनवर नेमकी तीच कापली जाते.

आता "सकाळी दहा" मोठ्याने म्हणून पाहा आणि मग "सकाळी सहा" म्हणा. दोन्हींत वेगळं आहे ते एकच व्यंजन, आणि स फोनवर पुसट होतो. खोलीत पंखा चालू असेल, फोन कानापासून थोडा लांब असेल, तर दहाचं सहा आणि सहाचं दहा सहज होतं. "सात" आणि "साठ" यांची जोडी अशीच. इंग्रजी अक्षरांमध्ये बी आणि डी सुद्धा एकमेकांत मिसळतात. एखाद्या इमारतीत दोन्ही विंग असतील, तर "बी, म्हणजे गेटजवळची" अशी खूण जोडणं बरं.

यावरचा उपाय म्हणजे जोरात बोलणं नव्हे. ऐकणाऱ्याला पडताळा घेता यावा असा दुसरा धागा द्या. "सकाळी दहा वाजता बंद होईल आणि दुपारी दोन वाजता येईल. दहा ते दोन, चार तास बंद." सहा ऐकू आलं असेल तर सहा ते दोन म्हणजे आठ तास होतात, चार नव्हेत. हिशेब बसला नाही की माणूस आपणहून पुन्हा ऐकतो. वेळ नुसती दोनदा सांगण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण चुकीचं ऐकलेलं दुसऱ्यांदाही चुकीचंच ऐकू येऊ शकतं.

वेळ सांगण्याच्या आपल्या पद्धतीत आणखी एक खाच आहे. सव्वा, साडे, पावणे हे शब्द आकड्याच्या आधी येतात आणि घाईत गिळले जातात. "पावणेदोन" मधलं "दोन" कानात राहतं, "पावणे" राहत नाही. "सव्वासात" आणि "साडेसात" दोन्ही स ने सुरू होतात. म्हणून पाव तासाच्या वेळा मी "सात वाजून पंधरा मिनिटांनी" अशा मोकळ्या करून लिहितो. साडेसात मात्र तसंच ठेवतो. "सात वाजून तीस मिनिटांनी" हे घरात कोणी बोलत नाही. दीड आणि अडीच तर ठेवाच. "एक वाजून तीस मिनिटं" ऐकलं की मशीन बोलतंय असं वाटतं, मग माणूस बोलत असला तरी.

तारखेचं काम वाराने होतं. "१७/६" वाचायला देऊ नका. वाचणारा "सतरा सहा" म्हणेल आणि ऐकणारा कोड्यात पडेल. "बुधवारी, सतरा जूनला" असं लिहा, वार आधी. बहुतेक लोक आठवडा वारांनीच लक्षात ठेवतात. "उद्या" हा शब्द तर जपूनच वापरा. चॅटवर मेसेजच्या शेजारी वेळ दिसते, त्यामुळे उद्या म्हणजे कधी ते कळतं. आवाजी निरोप कोणी रात्री उशिरा ऐकतं, कोणी दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकतं. त्याचा उद्या वेगळाच असतो.

फोन नंबर अंकाअंकाने सांगा आणि अंकांमध्ये स्वल्पविराम द्या: "चार, शून्य, नऊ". लांब नंबराचे तीन-तीन, चार-चार अंकांचे गट पाडा आणि प्रत्येक गटानंतर लिहून घेण्याएवढा वेळ द्या. "डबल सात" नको, "सात, सात" म्हणा. मराठी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ तर नकोच. पुष्कळ लोक मोबाइल नंबर इंग्रजीतच पाठ ठेवतात, तेव्हा तसा सांगायला हरकत नाही. मात्र पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत एकच भाषा ठेवा. एकोणसत्तर, एकोणऐंशी यांसारखे आकडे आले तर शब्दापाठोपाठ अंकही सांगा: "खोली एकोणसत्तर. सहा, नऊ." कित्येकांना असे आकडे कानावर पडल्यावर मनातल्या मनात उलगडावे लागतात, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य सुटतं.

"नये" आणि "नाही" वाक्याच्या शेवटी येतात, हे विसरू नका

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. "पहिली पाच मिनिटं पाणी वापरू नये." शेवटचे दोन अक्षरांएवढे आवाज फोनवर तुटले, तर उरतं ते "पहिली पाच मिनिटं पाणी वापरू". म्हणजे बरोबर उलटं. शिवाय वाक्य संपता संपता वाचणाऱ्याचा आवाज खाली जातो, श्वास संपलेला असतो. सगळ्यात महत्त्वाचा शब्द नेमका तिथे पडतो.

म्हणून नकाराचं वाक्य सापडलं की "मग करायचं काय?" असं विचारा आणि ते लिहा. पाणी वापरू नये, तर काय करायचं? नळ पाच मिनिटं नुसता सोडून द्यायचा. "पहिली पाच मिनिटं नळ नुसता सोडून द्या, मग पाणी वापरा." यातला कुठलाही तुकडा तुटला तरी अर्थ उलटा होत नाही. "मागच्या दाराने येऊ नये" ऐवजी "पुढच्या दाराने या". प्रत्येक नकार असा बदलता येत नाही. धोक्याची सूचना असेल तर नकारच हवा. तिथे "नका" पुढे ओढा: "हात लावू नका, वायर उघडी आहे" असं म्हटलं की नकारानंतर अजून वाक्य उरतं, आणि आवाज "नका" वर पडत नाही.

वाक्यातलं वजन कुठे पडतं तेही इथेच पाहून घ्या. ठळक अक्षरं आणि उद्गारचिन्हं यांची जागा आता शब्दांच्या क्रमाने भरून काढायची आहे. मराठीत क्रियापदाच्या लगेच आधी जे येतं त्यावर सहज जोर पडतो. "दहा वाजता पाणी बंद होईल" आणि "पाणी दहा वाजता बंद होईल" यांतलं दुसरं वाक्य वेळ सांगतं. निरोप वेळेचा असेल तर वेळ क्रियापदाजवळ न्या.

कागदी मराठी खाली उतरवा

"कळविण्यात येते की", "सदर", "तरी", "संपर्क साधावा", "पाणीसाठा करून ठेवावा" ही नोटीसबोर्डाची भाषा आहे. डोळ्यांना सवय असते म्हणून ती वाचताना खटकत नाही, तोंडातून निघाली की मात्र कडक वाटते. प्रत्येक वाक्यापाशी थांबा आणि समोर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला आपण हे कसं सांगू ते म्हणा. "लागेल तेवढं पाणी भरून ठेवा." "अडचण आली तर फोन लावा." अहो-जाहो तेवढंच राहतं, फक्त कागद गळून पडतो.

"ज्यांनी अद्याप भरला नाही त्यांनी आजच भरावा" अशी वाक्यं कानाला फार वाट पाहायला लावतात. ऐकणाऱ्याला "ज्यांनी" हातात धरून "त्यांनी" पर्यंत थांबावं लागतं. अट सुटी करून टाका: "फॉर्म राहिला असेल तर आजच भरा."

आता लेखनाचा एक बारकावा. लिहिताना आपण "केले", "आले", "मिनिटे", "विंगचे पाणी" लिहितो आणि बोलताना "केलं", "आलं", "मिनिटं", "विंगचं पाणी" म्हणतो. वाचणाऱ्याच्या हातात "मिनिटे" दिलं की तो "मिनिटे" च वाचतो, आणि बातम्या वाचल्यासारखा सूर लागतो. म्हणून संहितेतच बोलीतलं रूप लिहून द्या. मात्र सगळीकडे शोधा-बदला असं करू नका. "पाणी आले" चं "आलं" होतं, पण "कामगार आले" हे तसंच राहतं. "दिवे लागले" चं "लागलं" केलंत तर वाक्यच मोडेल. रूपं एकेक करून, तोंडाने म्हणत बदला.

क्रम: कोण, कोणासाठी, काय, मग नंबर

फोन उचलणारा माणूस पहिला सेकंद-दोन सेकंद स्वतःच "हॅलो" म्हणत असतो. तेवढ्या वेळात सांगितलेली गोष्ट वाया जाते. म्हणून पहिलं वाक्य हरवलं तरी चालेल असं ठेवा: नमस्कार आणि कुठून बोलतोय. त्याच्या लगेच पुढे निरोप कोणासाठी आणि कशाबद्दल, ते एका छोट्या वाक्यात. लांबण लावली तर लोक फोन ठेवतात.

चॅटवर टाकायच्या आवाजी निरोपात ही अडचण नाही. तिथे ऐकणारा स्वतः बटण दाबून ऐकतो, तेव्हा नमस्कारही आखडता घेतला तरी चालतो आणि विषय पहिल्याच वाक्यात आणता येतो. बाकी सगळे नियम तसेच लागू पडतात. निरोप मागे सरकवून पुन्हा ऐकता येतो हे खरं, पण बरोबर ती जागा सापडवत बसायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

नंबर शेवटी ठेवा आणि दोनदा सांगा. मधे आला तर लोक तो लक्षात ठेवण्याच्या नादात पुढचं ऐकत नाहीत. बटण दाबायचे पर्याय असतील तर काम आधी, बटण नंतर: "तक्रारीसाठी दोन दाबा". "दोन दाबा तक्रारीसाठी" म्हटलं तर आपलं काम कोणतं ते कळेपर्यंत आकडा निसटलेला असतो.

हे सगळं लावलं की मूळ मेसेज असा होतो:

"नमस्कार. इमारतीच्या ऑफिसमधून बोलतोय.
ए आणि बी विंगसाठी पाण्याचा निरोप आहे.
बुधवारी, सतरा जूनला, गच्चीवरच्या टाकीची सफाई आहे.
त्यामुळे ए आणि बी विंगचं पाणी सकाळी दहा वाजता बंद होईल,
आणि दुपारी दोन वाजता परत येईल.
दहा ते दोन, चार तास बंद.
लागेल तेवढं पाणी मंगळवारी रात्रीच भरून ठेवा.
पाणी परत आलं की पहिली पाच मिनिटं नळ नुसता सोडून द्या, मग पाणी वापरा.
काही अडचण आली तर इंटरकॉमवर चार, शून्य, नऊ लावा.
पुन्हा सांगतो: चार, शून्य, नऊ."

साधारण पंचाहत्तर शब्द आहेत, सावकाश वाचले तर पाऊण मिनिट लागतं. याहून फार लांब गेलं तर काहीतरी वगळायचं राहिलं आहे असं समजा. शब्द मूळ मेसेजपेक्षा कमी झालेले नाहीत, थोडे वाढलेच आहेत. ते वाढू द्या. संक्षेप डोळ्यांसाठी असतो. "ओव्हरहेड टाकी" ची "गच्चीवरची टाकी" झाली, कारण ती सगळ्यांना डोळ्यांपुढे येते. ओळी मुद्दाम तोडल्या आहेत. एक ओळ म्हणजे एक श्वास, आणि ओळ संपली की वाचणाऱ्याने थांबायचं. एखादी ओळ एका श्वासात संपत नसेल तर ती दोन वाक्यांची आहे, तोडा.

मशीनचा आवाज वापरणार असाल तर

वाचणारा माणूस "दु. २" चं "दुपारी दोन" करून घेतो. यंत्र तसं करेलच याची खात्री नाही. ते टिंबाला वाक्य संपलं असं समजून "दु" वर थांबू शकतं, आणि दोन आकड्यांमधली रेघ वजाबाकीसारखी वाचू शकतं किंवा गाळू शकतं. संहितेत एकही अंक, संक्षेप किंवा चिन्ह राहू नये म्हणून सगळं अक्षरी लिहा. विराम नेमके हवे असतील आणि तुमची सेवा `SSML`, म्हणजे मशीनच्या आवाजाला कुठे थांबायचं ते सांगणारी खुणांची भाषा, घेत असेल, तर ते असे देता येतात:

```
<speak>
इंटरकॉमवर चार, <break time="400ms"/>
शून्य, <break time="400ms"/> नऊ लावा.
</speak>
```

"आलं", "मिनिटं" यांचा शेवटचा अनुस्वार यंत्र नाकात वाचतंय का, ते ऐकून पाहा. वाचत असेल तर तेवढ्या शब्दांपुरतं "आले", "मिनिटे" चालवून घ्या. थोडं पुस्तकी झालं तरी चुकीच्या उच्चारापेक्षा बरं.

तपासणी फोनवरूनच करा

लॅपटॉपच्या स्पीकरवर सगळंच स्पष्ट ऐकू येतं, त्यावर भरवसा ठेवू नका. ज्याने मूळ मेसेज वाचलेला नाही अशा कोणाला तरी खरोखर फोन लावा आणि निरोप एकदाच ऐकवा. मग तीन प्रश्न विचारा: कोणासाठी होतं, कधी आहे, तुम्हाला काय करायचं आहे? आणि नंबर कागदावर लिहायला सांगा. "कळलं का?" असं विचारू नका. त्यावर सगळे हो म्हणतात.

उत्तर कुठे अडखळतं त्यावरून चूक कुठे आहे ते कळतं. वेळ चुकली तर पडताळ्याचं वाक्य कमी पडलं आहे. "कोणासाठी" याला उत्तर आलं नाही तर निरोपाची सुरुवात "हॅलो" खाली गेली आहे. अशा वेळी दुसरी ओळ थोडी सावकाश वाचा किंवा पहिल्या ओळीनंतर क्षणभर थांबा. काय करायचं ते उलटं सांगितलं गेलं तर कुठेतरी "नये" राहून गेलं आहे, ते शोधा. नंबराचा एखादा अंक गळला तर अंकांमधला विराम वाढवा. दुरुस्ती झाली की दुसऱ्याच माणसाला फोन लावा. पहिल्याला उत्तरं आता पाठ झालेली असतात.